तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट 'क्लिअर', तरी वकील 1991 चा फेरफार मागतायत

सह्यवाट
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात शेतजमीन घ्यायचं चाललंय. क्षेत्र 80 आर, म्हणजे दोन एकराला किंचित कमी. विकणारे गृहस्थ साठीचे आहेत, सातबाऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव आहे आणि कब्जाही त्यांचाच. आम्ही पिढीजात शेतकरी असल्यामुळे तो दाखला आमच्याकडे आहे.

बंगळुरूचा मावसभाऊ म्हणाला, आधी एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढ, त्यात सगळं कळतं. दुय्यम निबंधक कार्यालयात विचारलं तर ते म्हणाले, वकिलाकडून सर्च घ्या. विकणाऱ्यांच्या ओळखीच्या वकिलांनी 1996 ते 2025 चा सर्च करून दिला. या गटावर गहाण नाही, विक्री नाही, टायटल निर्वेध, असं त्यात लिहिलंय. माझ्या बाजूने एक वकीलबाई बघतायत. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "1991 चा फेरफार आणि 1968 चं खरेदीखत दाखवा, मग बोलू." विकणारे घाई करतायत, इसार द्या म्हणतायत. तीस वर्षांचा सर्च स्वच्छ असताना त्याच्याही मागे जायची खरंच गरज असते का?

काळी_माती
अहो, वकिलांना फी वाढवायची असते म्हणून हे कागद आणा, ते कागद आणा. तीस वर्षांचा सर्च बँकसुद्धा मान्य करते, बँकेपेक्षा जास्त कोण तपासणार? सातबारा कोरा आहे ना? मग झालं.

बेळगावचा_पाहुणा
आमच्याकडे कर्नाटकात ईसी रीतसर मिळते. व्यवहार सापडले तर नमुना 15, काही नसलं तर नमुना 16. आता ऑनलाइन अर्ज करता येतो. तुम्हाला नमुना 16 मिळाला म्हणजे जमीन शंभर टक्के स्वच्छ. महाराष्ट्रातही असा अर्ज असणारच, नीट चौकशी करा.

दस्तवाचक
पाहुणे, नमुना 16 चा अर्थ एवढाच की मागितलेल्या काळात त्या मिळकतीवर नोंदणी झालेला दस्त सापडला नाही. नोंदणी न झालेल्या गोष्टी त्यात येतच नाहीत. ही मर्यादा ईसीला जशी आहे तशीच आमच्या सर्चलाही आहे. आमच्याकडे वकील फीचं चलन भरून दुय्यम निबंधकांकडची सूची क्रमांक दोन वर्षवार बघतो आणि त्यावरून रिपोर्ट लिहितो. फरक कागदाच्या नावाचा आहे, आत बघितली जाते ती नोंदणीचीच वही.

आता सह्यवाट यांचा प्रश्न. शेतजमिनीची मालकी मुख्यतः तीन मार्गांनी हलते: खरेदीने, वारसाने आणि घरातल्या वाटपाने. खरेदी नोंदणीकृत असते, म्हणून सर्चमध्ये सापडते. वारस नोंद म्हणजे दस्त नव्हे. माणूस गेला की हक्क कायद्याने वारसांकडे जातो आणि गावी फक्त फेरफार होतो. वाटपही पुष्कळदा तहसीलदाराच्या आदेशाने होतं. म्हणजे हक्क बदलण्याच्या दोन मोठ्या वाटा सूची दोनच्या बाहेरून जातात. तुमच्या वकीलबाई त्याच वाटा बघतायत.

सातबाऱ्याच्या खाली 'जुने फेरफार क्रमांक' अशी एक चौकट असते. तिथले सगळे आकडे उतरवून घ्या आणि एकेक फेरफार काढा. स्कॅन झालेले असतील तर 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर मिळतील, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. हस्तलिखित जुना सातबाराही मागा. संगणकीकृत उताऱ्यावर आजची नावं दिसतात. जुन्या उताऱ्यावर कोणत्या नावाला कधी कंस झाला आणि तो कोणत्या फेरफाराने, हे दिसतं. मालकीची साखळी त्या कंसांवरूनच वाचायची असते.

सह्यवाट
धन्यवाद. फेरफार निघाले. वाचून जे कळलं ते लिहितो, चुकत असेन तर सांगा.

1968 साली विकणाऱ्यांच्या वडिलांनी ही जमीन नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. तेव्हा ती सर्व्हे नंबर 87/2 होती. पुढे एकत्रीकरणात गट 214 झाला, एकूण क्षेत्र 1 हेक्टर 60 आर. वडील 1983 साली वारले. 1984 च्या वारस फेरफारात पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशी नोंद आहे, पण मुलींची नावं कब्जेदार सदरी न लावता 'इतर हक्कात' लावली आहेत. 1991 च्या फेरफारात लिहिलंय की तिन्ही मुलींनी जबाब देऊन भावांच्या लाभात हक्क सोडल्याने त्यांची नावे कमी केली. दस्त क्रमांक कुठेही नाही. आई 1994 मध्ये गेली. 1999 मध्ये तहसीलदारांकडून दोघा भावांचं वाटप, प्रत्येकी 80 आर. त्यातले हे थोरले.

विकास सोसायटीचा इकराराचा बोजाही होता. तो फेडल्याचा दाखला आहे आणि बोजा कमी झाल्याचा फेरफारही मंजूर आहे.

दस्तवाचक
बोजाचं काम व्यवस्थित झालंय, ते सोडून द्या. अडचण 1991 मध्ये आहे.

स्थावरातला हक्क सोडायचा असेल आणि त्याची किंमत शंभर रुपयांच्या वर असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. शेतजमिनीच्या बाबतीत म्हणजे जवळजवळ नेहमीच. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने सातबाऱ्यावरचं नाव गेलं, हक्क गेला नाही. फेरफार हा महसूल गोळा करण्यासाठीचा अभिलेख आहे. त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

आता हिशेब बघा. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित धरू. 1983 ला ते मृत्युपत्र न करता गेले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पत्नी आणि पाच मुलं, असे सहा समान हिस्से झाले. 1994 ला आई गेली, तिचा सहावा हिस्सा पाच मुलांत गेला. म्हणजे प्रत्येकाचा पाचवा हिस्सा, 160 आरपैकी 32 आर. विकणाऱ्यांच्या नावावर 80 आर दिसतात, पण 1991 चा जबाब टिकला नाही तर त्यांच्याकडे विकण्यासारखे 32 आर आहेत. उरलेल्या 48 आरचे पैसे तुम्ही अशा माणसाला देणार ज्याच्याकडे ते नाहीत.

तीस वर्षांच्या सर्चमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. एक तर सर्च 1996 पासून सुरू होतो. आणि 1950 पासून केला असता तरी हा जबाब सूचीत आला नसता, कारण तो नोंदवलेलाच नाही.

काळी_माती
पण वडील 1983 लाच वारले ना? मुलींना हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, तोही वडील 2005 ला हयात असतील तरच. मग या बहिणींचा संबंध येतो कुठे? आमच्या गावात सगळ्यांनी असंच केलंय.

दस्तवाचक
दादा, 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखंच सहदायाद करते. वडील हयात असण्याची जी अट तुम्ही म्हणताय ती 2015 च्या एका निकालात होती. 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली. पण इथे 2005 पर्यंत जायचीच गरज नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी 1956 पासूनच पहिल्या वर्गाची वारस आहे. 1983 च्या त्या दिवशीच तिघींचा हिस्सा ठरला. जमीन वडिलोपार्जित निघाली तर हिशेब वेगळ्या वाटेने होईल आणि 1999 च्या वाटपाचं काय, हा वादही येईल. म्हणूनच 1968 चं खरेदीखत महत्त्वाचं. ते पैसे कुठून आले, आधीची जमीन विकून आले का, हे त्यात कधीकधी लिहिलेलं असतं.

नांगरट_ताई
मी वकील नाही. पण 'इतर हक्कात' नाव असलेल्या बहिणींपैकी मी एक आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझं नावही असंच कमी झालं. दिवाळीला माहेरी गेले होते, तेव्हा भावाने कागदावर अंगठा घेतला. मला सही करता येते, तरी अंगठाच घेतला. वारस नोंदीसाठी लागतो, असं सांगितलं. पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलाने फेरफार वाचला, तेव्हा कळलं की मी हक्क सोडलाय. भावाशी भांडायचं नाही म्हणून मी गप्प राहिले. पण गप्प राहिले म्हणजे सोडलं असं होत नाही. उद्या ती जमीन विकायला निघाली तर माझी मुलं गप्प बसणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

सह्यवाटदादा, एवढंच सांगते. त्या तिघींना एकदा भेटा. विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

सह्यवाट
ताई, मनापासून आभार. तुमचं वाचल्यावर 1991 चा फेरफार परत काढून बघितला. तिन्ही नावांपुढे 'निशाणी डावा अंगठा' आहे आणि तिन्ही ठसे एकाच तारखेचे. नोटीस बजावल्याच्या रकान्यात एकीच्याच नावापुढे काहीतरी लिहिलंय, बाकी दोन जागा मोकळ्या. मंडळ अधिकाऱ्यांनी तरी मंजूर केलंय.

विकणाऱ्यांशी बोललो. ते म्हणतात, खरेदीखतात हमीचं कलम घालू: कोणाचा हक्क निघाला तर मी निवारण करीन, नुकसान भरून देईन. शिवाय चौतीस वर्षं बहिणी काही बोलल्या नाहीत, मुदत संपली. यात तथ्य आहे का?

कोर्टाची_पायरी
थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी दिवाणी दावे चालवतो आणि दस्तवाचकांनी चित्र जितकं ठाम रंगवलंय तितकं ते नसतं. तोंडी कौटुंबिक व्यवस्था आधीच झाली होती आणि नंतर फक्त तिची नोंद ठेवली, असं सिद्ध झालं तर त्या नोंदीला नोंदणी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1976 चा निकाल आहे. बहिणींना त्या बदल्यात दागिने, दुसरी जमीन, लग्नखर्च असं काही मिळालं असेल तर भाऊ ही बाजू मांडतील आणि काही ठिकाणी ती टिकते.

मुदतीचंही तसंच. सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीने मानला जातो, त्यामुळे नुसती चौतीस वर्षं गेली म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. पण तिला उघडपणे नाकारलं आणि ते तिला माहीत होतं, असं दाखवता आलं तर बारा वर्षांची मुदत तिथून धावते. 1991 चा फेरफार तिला माहीत होता का, यावर साक्षीपुरावा होईल. ठसा तिचा नाही म्हणाली तर तज्ज्ञ येईल.

विकणाऱ्यांची बाजू हरणारीच आहे, असं मी म्हणणार नाही. मात्र ही लढाई तुमच्या पैशाने आणि तुमच्या जमिनीवर होईल, आणि असे दावे लवकर संपत नाहीत.

दस्तवाचक
वकीलसाहेबांचं म्हणणं मान्य. कौटुंबिक व्यवस्थेचा मुद्दा मी सोडून दिला होता. तरी खरेदीदाराने कोर्टात जिंकता येईल का हे बघायचं नसतं, कोर्टात जावं लागेल का हे बघायचं असतं.

हमीच्या कलमाबद्दल. ते घालाच, पण त्याने पैशाचा दावा मिळतो, जमीन मिळत नाही. विकणारे साठीचे आहेत. पैसे वाटून झाल्यावर वसुली कशावर करणार?

आणि 'मला माहीत नव्हतं, सातबारा बघून प्रामाणिकपणे घेतली' हा बचावही आता उरला नाही. दिसणाऱ्या मालकाकडून घेणाऱ्याला संरक्षण आहे, पण त्याने वाजवी चौकशी केलेली असावी लागते. 1984 चा फेरफार बहिणींची नावं उघड दाखवतो. तो न वाचणारा खरेदीदार चौकशी केली असं म्हणू शकत नाही, आणि तुम्ही तर वाचलाय.

रानवाटसरू
मध्येच विचारतो, माझा पुण्यात फ्लॅट आहे. सोसायटीने कन्व्हेयन्स केलेला नाही. मला पण फेरफार काढावे लागतील का? बिल्डरकडून इंडेक्स टू मिळाला आहे.

दस्तवाचक
फ्लॅटसाठी प्रश्न वेगळे आहेत. खालच्या जमिनीचं टायटल आणि बिल्डरचा विकसन करार बघावा लागतो. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. इथे घोळ होईल.

शिवार_मोजणी
एक गोष्ट सुटू नये म्हणून. 1968 च्या खरेदीखतात सर्व्हे 87/2 आहे आणि आज गट 214. ही एकच जमीन आहे हे कशावरून? एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना सर्व्हे आणि नवा गट समोरासमोर असतात, ते भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. क्षेत्र जुळतं का बघा. मी एका मोजणीत पाहिलंय, गटात शेजारच्या सर्व्हेचा तुकडा आला होता आणि त्या तुकड्याचं खरेदीखत कोणाकडेच नव्हतं. सर्चही दोन्ही नंबरांवर व्हायला हवा. नुसत्या गटावर शोधलं तर एकत्रीकरणाच्या आधीचं काही सापडत नाही.

दुसरं, 1999 च्या वाटपानंतर मोजणी होऊन हिस्से पडलेत का? नसतील तर तुमचे 80 आर जमिनीवर नेमके कुठे, हेच ठरलेलं नाही.

सह्यवाट
मोजणी झालेली आहे, हिस्सा फॉर्म नंबर 12 मिळाला. एकत्रीकरणाचं पत्रकही निघालं. 87/2 पूर्ण गट 214 मध्ये आलाय, क्षेत्रात दोन आरचा फरक आहे. वकीलबाई म्हणाल्या, तो पोटखराब्यातला असावा, चालेल.

1968 चं मूळ खरेदीखत विकणाऱ्यांच्या ट्रंकेत सापडलं. वकीलबाईंनी मुद्दाम मूळ प्रत मागितली होती. मूळ दस्त कुठे तारण ठेवून कर्ज काढलेलं नाही ना, हे बघायचं होतं. महाराष्ट्रात 2013 पासून अशा तारणाची सूचना निबंधकांकडे दाखल करावी लागते, पण त्याआधीचं सूचीत दिसेलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. खरेदीखतात पैसे नोकरीच्या बचतीतून दिल्याचा उल्लेख आहे, म्हणजे स्वकष्टार्जितच.

बहिणींनाही भेटलो. थोरली म्हणाली, "मी खरंच सोडलंय, कुठे सही करायची सांगा." मधलीला 1991 चा कागद आठवतच नाही, पण भाऊ तिला काही रक्कम देणार असेल तर ती तयार आहे. धाकटी 2010 मध्ये वारली. आता ते घर अवघड झालंय: तिचा नवरा आहे, दोन मुलगे होते, त्यातला एक तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी आहे.

दस्तवाचक
थोरली आणि मधली यांना खरेदीखतात 'संमती देणार' म्हणून घेण्याऐवजी 'लिहून देणार' म्हणून घ्या, म्हणजे त्यांचा हिस्सा त्यांच्याच सहीने तुमच्याकडे येतो. नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र भावाच्या लाभात. मधलीची रक्कम दस्तातच लिहा आणि चेकने द्या.

धाकटीचे 32 आर. ती गेली तेव्हा नवरा आणि दोन मुलगे समान वारस, म्हणजे नवऱ्याचीही सही लागेल, हे बरेचजण विसरतात. प्रत्येकी साधारण 10.67 आर. गेलेल्या मुलाचा हिस्सा त्याची बायको आणि मुलगी यांच्यात, म्हणजे त्या मुलीचे साधारण 5.33 आर. तेही संपूर्ण गटात मिळून, तुमच्या निम्म्यात अर्धे. पण क्षेत्र लहान म्हणून सोडता येणार नाही. अज्ञानाची स्थावर मिळकत विकायला आईला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय आईने सही केली तर मुलगी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत, तो व्यवहार रद्द करून मागू शकते.

कोर्टाची_पायरी
इथे मी थोडा वेगळा सल्ला देईन. परवानगीच्या अर्जात न्यायालय मुलीचं हित बघतं. तिच्या हिश्शाचे पैसे तिच्या नावावर मुदत ठेवीत ठेवण्याची तयारी आधीच दाखवली तर अर्ज सोपा जातो. पण धाकट्या भावाच्या 80 आरचं काय? तो यात नाही. बहिणींनी फक्त थोरल्याच्या हिश्शापुरतं लिहून दिलं तरी उद्या 1999 चं वाटपच त्यांच्याशिवाय झालं म्हणून कोणी उपस्थित केलं, तर गट 214 पूर्ण परत उघडतो. माझ्या मते धाकट्या भावालाही पक्षकार करून सगळ्यांचं एक नोंदणीकृत वाटपपत्र आधी व्हावं आणि खरेदी नंतर. दस्तवाचक, तुम्हाला हे जास्त वाटतं का?

दस्तवाचक
जास्त नाही वाटत, पण धाकटा भाऊ आजच स्वतःच्या 80 आरपैकी बहिणींना काही देणं लागतो हे लिहून देईल असं वाटत नाही. मी त्याला निदान एवढ्यापुरता आणीन: थोरल्याच्या 80 आरवर माझा हक्क नाही आणि बहिणींनी या 80 आरबद्दल केलेलं लिखाण मला मान्य आहे. पूर्ण वाटपपत्र मिळालं तर उत्तमच. या बाबतीत वकिलांत दोन मतं राहणार.

सह्यवाट
वकीलबाईंशी दोन्ही मतांवर बोललो. त्या वाटपपत्राच्या बाजूने आहेत, धाकटे भाऊ अजून तयार नाहीत. इसार रोख दिलेला नाही. नोंदणीकृत साठेखत करायचं ठरतंय: मोजकी रक्कम, आणि जिल्हा न्यायालयाची परवानगी व सगळ्यांचे दस्त आल्यावरच खरेदीखत, एका वर्षात न झाल्यास रक्कम परत. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस उद्या जातेय, हरकतीला पंधरा दिवस. तिच्यात गट 214 बरोबर जुना सर्व्हे 87/2 पण टाकायला सांगितलाय.

शिवार_मोजणी
चतुःसीमाही टाका. गावात जुने लोक नंबरावरून नाही, बांधाला लागून कोणाचं रान आहे त्यावरून जमीन ओळखतात.

नांगरट_ताई
आणि मधल्या बहिणीला साठेखत वाचून दाखवा, पूर्ण. तिच्या भावाने नाही, तुमच्या वकीलबाईंनी.